अध्यक्षांचे निवेदन आणि पडतीचे वर्ष

सोलापूरच्या बालाजी अमाइन्स या रसायन कंपनीचे एकत्रित उत्पन्न 2022-23 मध्ये सुमारे 2,355 कोटी रुपये होते. 2023-24 मध्ये ते सुमारे 1,640 कोटींवर आले. घट तीस टक्क्यांची. अशा वर्षी कोणत्याही अध्यक्षाने भागधारकांना काय सांगावे? संचालक मंडळाचा अहवाल कायद्याने सक्तीचा आहे, अध्यक्षांचे निवेदन नव्हे. म्हणूनच त्यात काय गाळले, हे अधिक बोलके ठरते.

‘बाजार प्रतिकूल होता’ हे वाक्य खरे असूनही अपुरे असते. विक्री तीस टक्क्यांनी घटते ती दोन वाटांनी. शंभर टन माल खपलाच, पण किलोचा भाव शंभराचा सत्तर रुपये झाला; किंवा भाव टिकला आणि माल सत्तरच टन खपला. पहिल्या प्रकारात कच्चा मालही स्वस्त झाला असेल, तर नफ्याला फारसा धक्का लागत नाही आणि गिऱ्हाईक टिकून राहते. दुसऱ्यात यंत्रे रिकामी राहतात. पगार, घसारा, व्याज यांचा सारा बोजा मात्र सत्तर टनांवर पडतो. ही फोड न देणारी कबुली निम्मीच म्हणावी लागेल.

आत्मविश्वासही असाच तपासता येतो. नवा प्रकल्प ‘लवकरच’ सुरू होणार असेल, तर गेल्या वर्षीच्या अहवालात त्याची कोणती मुदत दिली होती, ते पाहावे. शिवाय प्रमुख आर्थिक गुणोत्तरांत 25 टक्के वा अधिक फरक पडल्यास शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला सेबीच्या नियमाप्रमाणे खुलासा द्यावाच लागतो. तो व्यवस्थापनाच्या विवेचनात, मागल्या पानांवर सापडतो.