गाडी साताऱ्याला, कर कर्नाटकाचा

सकाळी ९:३०. कोल्हापुरातल्या आमच्या कारखान्याच्या बिलिंगच्या टेबलावर पहिली ऑर्डर बेळगावच्या व्यापाऱ्याची आहे. एक लाख रुपयांचे कास्टिंग, कर १८ टक्के. त्याचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होतो, म्हणजे कर्नाटक. आमचा २७ ने, म्हणजे महाराष्ट्र. पण ऑर्डरखाली एक ओळ आहे: माल थेट साताऱ्याच्या वर्कशॉपला उतरवावा.

१०:३०. डिस्पॅचचे मामा विचारतात, "ताई, गाडी साताऱ्याच्या पुढं जाणार नाही. मग सीजीएसटी-एसजीएसटीच लागणार ना?"

एरवी त्यांचं बरोबर ठरलं असतं. मालाची वाहतूक जिथे संपते, तेच पुरवठ्याचं ठिकाण, असा आयजीएसटी कायद्याच्या कलम १० चा पहिला नियम आहे. पण खरेदीदाराच्या सांगण्यावरून माल तिसऱ्याकडे गेला, तर माल त्या खरेदीदारालाच मिळाला असं कायदा मानतो आणि त्याच्या व्यवसायाचं मुख्य ठिकाण धरतो. इथे ते बेळगाव. म्हणून आयजीएसटी १८,००० रुपये.

१२:००. बिलात ‘बिल टू’ बेळगाव, ‘शिप टू’ सातारा आणि पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक. ई-वे बिलातही हीच जोडी भरते, नाहीतर वाटेत कागद तपासताना प्रश्न निघतो.

२:३०. बेळगावहून फोन. "आमच्या बिलावर काय लावू?" त्यांचा पुरवठा वेगळा मोजायचा: विक्रेता कर्नाटकात, माल पोचतो साताऱ्यात, म्हणून तोही आयजीएसटी. आमच्या बिलावरचे १८,००० रुपये त्यांना त्या करात वळते करता येतात. आम्ही ९,०००-९,००० असा महाराष्ट्राचा कर लावला असता, तर कर्नाटकातल्या नोंदणीवर त्यांना त्याचं क्रेडिट घेता आलं नसतं.

४:००. आता उलटी ऑर्डर. सांगलीचा खरेदीदार माल बेळगावला पाठवायला सांगतो. गाडी राज्याची हद्द ओलांडते, तरी सांगणारा महाराष्ट्रातला आहे. आमच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी. पुढे सांगलीकराच्या बिलावर आयजीएसटी.

५:३०. जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची, त्याआधी विक्रीचं रजिस्टर चाळते. ठिकाण महाराष्ट्र आणि रकाना आयजीएसटीचा, किंवा ठिकाण परराज्य आणि रकाना सीजीएसटीचा, अशी प्रत्येक ओळ ऑर्डरशी ताडते. यातला पहिला प्रकार बरोबर असू शकतो, कारण राज्यातल्याच एसईझेडला दिलेल्या मालावरही आयजीएसटीच लागतो. बाकीच्या ओळी विवरणपत्र भरण्याआधी दुरुस्त होतात. चुकीचा कर भरला गेला, तर योग्य कर नव्याने भरावा लागतो. त्यावर व्याज नाही आणि आधीच्या रकमेचा परतावा दोन वर्षांत मागता येतो, पण तोवर पैसा अडकतो.

६:३०. मामांसाठी डिस्पॅचच्या फळ्यावर लिहिते: माल तिसऱ्याकडे जाणार असेल, तर गाडीचा पत्ता सोडा, आपल्याला ऑर्डर देणाऱ्याचं राज्य बघा.