मौन मागणारी सत्ता, जयघोष मागणारी सत्ता

सालाझार, मुसोलिनी, हिटलर, स्टालिन ही नावं आपण एका दमात घेतो. त्यातलं पहिलं नाव वेगळं काढायला हवं, आणि ते सालाझार दयाळू होता म्हणून नव्हे.

त्याची राजवट गोव्याने १९६१ पर्यंत सोसली. सभांना बंदी होती, छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडे जाई. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, तर त्यांना अटक झाली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं गेलं. तरीही अर्थशास्त्राच्या या माजी प्राध्यापकाला प्रजेकडून मुख्यतः मौन हवं होतं. निळे सदरे घालून मिरवणुका काढणाऱ्या पोर्तुगीज फॅसिस्टांच्या संघटनेवर त्याने १९३४ मध्ये बंदी घातली. पुढे १९३६ मध्ये त्यानेही युवक संघटना काढली, पण सत्तेचा खरा आधार सैन्य, चर्च आणि नोकरशाही हाच राहिला. स्पेनमधल्या फ्रँकोच्या राजवटीचा अभ्यास करून राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी १९६४ मध्ये अशा एकाधिकारशाहीची ओळख सांगितली: थोडीफार स्वायत्त सत्ताकेंद्रं टिकू द्यायची, ठाम विचारसरणीचा आग्रह धरायचा नाही आणि लोकांना राजकारणापासून लांब ठेवायचं.

फॅसिझम याच्या उलट लोकांना रस्त्यावर ओढतो. मुसोलिनीच्या काळ्या सदऱ्यांच्या टोळ्यांनी आधी कामगार संघटनांची कार्यालयं जाळली, आणि सत्ता आली ती त्यानंतर. मग कामगारांच्या फावल्या वेळेसाठी पक्षाची संस्था निघाली, मुलांसाठी गणवेशातली ‘बालिल्ला’ निघाली. १९३१ मध्ये विद्यापीठांतल्या सुमारे बाराशे प्राध्यापकांना शपथ घ्यायला लावली गेली की आम्ही फॅसिस्ट राजवटीशी निष्ठावान नागरिक घडवू. नकार दिला जेमतेम डझनभरांनी, आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या. मला हा प्रसंग सगळ्यात बोलका वाटतो. सरकारविरुद्ध न बोलणं एवढं आता पुरेसं नव्हतं, वर्गात उभं राहून सरकारचंच बोलावं लागणार होतं.

सर्वंकष सत्ता ही त्याच्याही पुढची पायरी आहे. तिथे पक्षाबाहेर काहीच शिल्लक ठेवायचं नसतं. ती फॅसिस्टच असते असंही नाही, स्टालिनचा रशिया कम्युनिस्ट होता. आणि स्वतःला अभिमानाने सर्वंकष म्हणवणारा मुसोलिनी तिथवर पोचलाच नाही. पोपशी त्याला १९२९ मध्ये करार करावा लागला, सैन्याची निष्ठा राजाशी होती, आणि राजा गादीवर कायम होता.

हा फरक किती मोठा, ते युद्ध हरताना कळलं. २५ जुलै १९४३ च्या पहाटे फॅसिस्ट महापरिषदेने मुसोलिनीविरुद्ध कौल दिला, त्याच दिवशी राजाने त्याला बडतर्फ केलं आणि राजवाड्याबाहेर पडताच तो पकडला गेला. जर्मनीत राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग १९३४ मध्ये वारल्यावर हिटलरने ते पदही स्वतःकडे घेतलं आणि सैनिकांकडून स्वतःच्या नावाने शपथ घेतली. त्याला पदावरून काढू शकेल असा कुणीच तिथे उरला नव्हता. ते युद्ध बर्लिन पडेपर्यंत चाललं.