एक रेघ की फुली?

निळी गोल थाळी, भोवती लाल कडी. आत एकच तिरकी लाल रेघ असली तर ती ‘नो पार्किंग’. दोन रेघांची फुली झाली, की ‘नो स्टॉपिंग’. आपल्याकडे नो पार्किंगच्या पाटीवर कधी कधी इंग्रजी ‘पी’ही असतो, पण खरी खूण रेघांची. धावत्या गाडीतून तेवढ्याच मोजाव्यात.

आता समजा, आजींना दवाखान्यात सोडायचंय. दारातच पाटी आहे. एक रेघ असेल तर रिक्षा थांबवा, आजींना हात द्या, पिशवी उतरवा आणि निघा. चढ-उतार करायला लागतो तेवढा वेळ माफ आहे. फुली असेल तर तेवढंही नाही, कारण ही पाटी लागते ती पुलावर, चौकाच्या तोंडाशी, जिथे एक गाडी थबकली की मागची सगळी रांग अडते अशा ठिकाणी. सिग्नलला किंवा पुढच्या कोंडीमुळे थांबावं लागलं तर मात्र तो गुन्हा नव्हे, एवढी समज पाटीलाही आहे.

आणि तो लाडका बचाव? ‘साहेब, मी गाडीतच बसलोय, इंजिन चालू आहे!’ चालणार नाही. १९६८च्या व्हिएन्ना करारातल्या व्याख्येत इंजिन नाही, ड्रायव्हरही नाही. गाडी कशासाठी आणि किती वेळ उभी आहे, एवढंच बघितलं जातं. बायको साडी निवडेपर्यंत स्टिअरिंग धरून बसणं म्हणजे पार्किंगच.

चौकोनी निळ्या पाटीवर पांढरा ‘पी’ दिसला आणि लाल काहीच नसलं, तर खुशाल लावा. गोल पाटी हुकूम करते, चौकोनी माहिती देते.

हाच आकार बाणांच्या गोंधळातही कामी येतो. निळ्या गोलातला सरळ पांढरा बाण सांगतो, ‘सरळच जा’. समोरून कुणी येणार नाही, असं तो म्हणतच नाही! वन-वे समजून उजवीकडून ओव्हरटेक करायला गेलात, तर समोर एसटी उभी ठाकायची. बऱ्याच देशांत वन-वेचा बाण आयताकृती निळ्या पाटीवर असतो. आपल्याकडे कुठे कुठे ‘एकेरी वाहतूक’ अशी नुसती अक्षरंही असतात.

नो एंट्री म्हणजे लाल थाळीतली पांढरी आडवी पट्टी. १९३१च्या जिनिव्हा करारापासून ती जगभर फिरतेय. वन-वे रस्त्याच्या एका टोकाला ‘या’ आणि दुसऱ्या टोकाला ही पट्टी, अशी जोडी असते. पण नो एंट्री दिसली म्हणजे आतला रस्ता एकेरीच, असं मानू नका. काही गल्ल्यांचं फक्त एक तोंड बंद असतं आणि आत वाहतूक दुहेरी असते. दुसऱ्या बाजूने आत आलेला शेजारी गाडी वळवून आल्या वाटेने परत गेला, तर त्याच्या नावाने ओरडू नका; त्याने नियम मोडलेला नाही.