पंधरा पैशांत पाचशे किलोमीटर

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

ई-मेल नव्हतं तेव्हा पत्र कसं पोचायचं, असं विचारलंस ना? चल, आपण दोघं एक कार्ड टाकू. साल १९९०. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड, गिरगावातली लाल पेटी, आणि जायचंय कोल्हापूरजवळच्या वडगावला.

पेटीतून कार्ड थैलीत, थैलीतून टेबलावर. छापील तिकिटावर ठप्पा बसला की सॉर्टरच्या हातात. समोर भिंतभर लाकडी खण. तो गाव नाही, पिन वाचतो. पहिले तीन आकडे ४१६, म्हणजे कोल्हापूरचा भाग. पुढचे तीन म्हणजे नेमकं ऑफिस. ही योजना १९७२ सालची, आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची. सहा आकडे, आणि त्यांच्या भरवशावर देशभरातली दीड लाखाच्या आसपास पोस्ट ऑफिसं!

पिन विसरलास तर? वडगावं महाराष्ट्रात कितीतरी. कार्ड मावळात जाणार, तिथून परत फिरणार. हातात आलं की आधी शिक्के मोजायचे. दोनाच्या जागी चार दिसले, की समजायचं स्वारी भटकून आली.

आपलं कार्ड रात्री रेल्वेत. आरएमएसच्या डब्यात माणसं उभ्याउभ्या, धावत्या गाडीत टपाल लावतात. पहाटे स्टेशन, मग एसटी, मग सायकल, मग माझ्यासारख्याची हाक, ‘पोस्टमन!’ पाचशे किलोमीटर, पंधरा पैसे. म्हणजे एका रुपयात तेहतीसशे किलोमीटर!

आता श्वास रोखून धर. त्या दशकात देशाचं टपाल वर्षाला दीड हजार कोटींच्या घरात होतं. कामाचे दिवस तीनशे धरले तर रोज पाच कोटी. सॉर्टर एकटाच असता, सेकंदाला एक पत्र वाचत, न जेवता, न झोपता, तर एका दिवसाचं टपाल लावायला त्याला एकोणीस महिने लागले असते! ती पाच कोटी पत्रं कार्डाएवढी धरून टोकाला टोक लाव. सात हजार किलोमीटर. रेल्वेच्या रुळांवर मांडलीस तर मुंबई-पुण्याच्या अठरा खेपा, जाऊन-येऊन. हे एका दिवसाचं! वर्षभराची रांग एकवीस लाख किलोमीटर. चंद्रावर जा, परत ये, पुन्हा जा, पुन्हा ये, तिसऱ्यांदा चंद्र गाठ, तरी पत्रं शिल्लकच!

आणि भाडं? शेजारच्या गल्लीला पंधरा पैसे, स्पितीतल्या हिक्किमलाही पंधराच. तिथलं पोस्ट १९८३ पासून, चव्वेचाळीसशे मीटर उंचीवर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवलीस तरी हजार मीटर कमीच पडतात. तिथंसुद्धा टपाल पायी चढत जायचं बाळा, थैली माणसाच्या पाठीवर!

तुझा,
आजोबा