वाचायची मराठी, ऐकायची तेलुगू

सोलापूरच्या पूर्व भागात मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच गल्लीत ऐकू येतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. माझी मावसबहीण याच भागातल्या एका घरात सून म्हणून गेली. ती साताऱ्याची. दाजी आणि सासू-सासरे घरात तेलुगू बोलतात, धाकटी जाऊ कलबुर्गीकडची, म्हणून कन्नड. मुलगा दहा वर्षांचा, इंग्रजी शाळेत जाणारा आणि मित्रांशी हिंदीत भांडणारा. टीव्ही मात्र एकच, आणि त्यावरच्या यूट्यूबला खातंही एकच होतं, दाजींचं.

त्या खात्याचं पहिलं पान उघडलं की घराचा सगळा संसार एका रांगेत दिसायचा. माइनक्राफ्टचे हिंदी व्हिडिओ, त्याच्या शेजारी जुने तेलुगू सिनेमे, मग मराठी कीर्तन, मग कन्नड मालिकेचा तुकडा. सासूबाईंना दुपारी तेलुगू भक्तिगीतं लावायची असत. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर आपोआप पुढचं काहीतरी भलतंच सुरू होई आणि त्या रिमोट ठेवून उठून जात. घरच्यांचा समज असा की टीव्हीची भाषा तेलुगू केली की हे थांबेल. समज स्वाभाविक आहे, पण तिथेच सगळी गफलत होते.

ॲपची भाषा बदलली की बदलतात त्या पाट्या: शोध, इतिहास, सदस्यत्व, सेटिंग. कोणते व्हिडिओ समोर यावेत हे यूट्यूब प्रामुख्याने ठरवतं ते त्या खात्यावर आजवर काय पाहिलं, काय शोधलं, कशाला पसंती दिली आणि कोणत्या चॅनेलचं सदस्यत्व घेतलं यावरून. सगळ्या पाट्या तेलुगू केल्या असत्या तरी माइनक्राफ्ट तिथेच राहिलं असतं. शिवाय सासूबाईंच्या बाबतीत तेलुगू पाट्या म्हणजे उलटच अडचण. त्या जन्मभर तेलुगू बोलल्या, पण शिकल्या सोलापूरच्या मराठी शाळेत. तेलुगू लिपी त्यांना अडखळत वाचता येते. मराठी मात्र पेपरच्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. त्यांना पाट्या मराठी हव्यात आणि गाणी तेलुगू. बहुभाषी घरात सेटिंगला हात लावण्याआधी माणसागणिक हे दोन प्रश्न विचारायला हवेत: वाचणार कशात आणि ऐकणार कशात? एकाच माणसाची दोन्ही उत्तरं वेगळी असू शकतात. सासऱ्यांची तशी नव्हती, ते बातम्या मराठी बघतात आणि वाचतातही मराठीच. जावेची पुन्हा तिसरीच तऱ्हा: वाचायला इंग्रजी, बघायला कन्नड.

आधी पाट्यांचं काम उरकलं, कारण ते सोपं. सासूबाईंच्या फोनवर यूट्यूब उघडून खालच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या चित्रावर टिचकी, मग दाते असलेल्या चाकाची खूण, पुढे `General` आणि त्यात `App language`. यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलेलं असतं, त्यामुळे मराठी शोधायला इंग्रजी यावं लागत नाही. संपूर्ण फोन मराठीत नको, फक्त एखादं ॲप हवं, असं असेल तर अँड्रॉइड १३ पासून फोनच्या सेटिंगमध्येही ॲपनिहाय भाषा निवडता येते. बहिणीच्या फोनवर तेच केलं. बँकेचे संदेश आणि कार्यालयाची कामं तिला इंग्रजीतच सवयीची, यूट्यूब तेवढं मराठी. प्रत्येक कंपनीच्या फोनवर हे पान वेगळ्या ठिकाणी असतं, म्हणून सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत `language` टाइप करणं सगळ्यात जलद.

त्याच ठिकाणी स्थानाचंही एक सेटिंग असतं, ते भारतच राहू द्यावं. भाषा आणि स्थान शेजारी-शेजारी असल्यामुळे लोक दोन्ही एका दमात बदलतात. परदेशातून आलेल्या नातेवाइकाने कधी काळी टीव्हीवर आपला देश निवडून ठेवला असेल, तर भाषा मराठी असूनही पहिल्या पानावर तिकडचेच व्हिडिओ डोकावतात. शिफारशी विचित्र वाटल्या तर भाषेच्या आधी हे तपासावं.

खरं काम पुढे. टीव्हीवर प्रत्येकाचं खातं वेगळं करणं. अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या बहुतेकांकडे गूगल खातं असतं. सासूबाईंकडेही होतं, नातवाने कधीतरी उघडून दिलेलं. टीव्हीवर यूट्यूबच्या खात्याच्या चित्रावर जाऊन नवं खातं जोडायचं म्हटलं की पडद्यावर एक कोड येतो. फोनच्या ब्राउझरमध्ये `youtube.com/activate` उघडून तो कोड टाकायचा, आणि तिथे कोणतं खातं निवडलेलं आहे हे दोनदा बघायचं, कारण फोनवर दोन खाती असली तर पहिलंच पुढे केलं जातं. जोडणी झाली की टीव्ही खात्यांची यादी दाखवतो आणि बघणाऱ्याने आपलं नाव निवडायचं. पाहुण्यांसाठी खात्याशिवाय बघण्याची सोय त्याच यादीत असते. दहा वर्षांच्या मुलासाठी मोठ्या माणसाचं खातं जोडू नये. पालकांच्या देखरेखीखालचं खातं किंवा यूट्यूब किड्स हेच योग्य, आणि त्याने माइनक्राफ्टही आपोआप वेगळं होतं.

सासूबाईंच्या नव्या पानावर पहिल्या दिवशी फारसं काही नव्हतं. हे असंच व्हायला हवं. ज्या खात्याला मागचा इतिहासच नाही, त्याला ओळखायला खुणाच नसतात. आणि इतिहास साठवणं बंद करून ठेवलं असेल तर पान जवळपास कोरंच राहतं. ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूब अशा खात्यांना पहिल्या पानावर शिफारशी देतच नाही. त्यामुळे ज्येष्ठांच्या फोनवर कुणी काळजीपोटी इतिहास बंद केला असेल, तर तो आधी चालू करावा लागतो. मग बी पेरायचं: त्यांना आवडणाऱ्या गायिका, त्यांचं नेहमीचं देवस्थान, जुने सिनेमे, हे शोधून तीन-चार चॅनेलांचं सदस्यत्व घ्यायचं आणि दोन-तीन व्हिडिओ खरोखर शेवटपर्यंत बघायचे.

इथे एक तिसरी भाषा आडवी आली, बोलण्याची. सासूबाईंना तेलुगू टाइप करता येत नाही, म्हणून त्यांनी फोनच्या माइकवर बोलून शोधलं. तेलुगू गाण्याचं नाव मराठी अक्षरांत मोडून-तोडून उमटलं आणि निकाल भलतेच आले. बोललेलं कोणत्या भाषेत ऐकायचं हे ॲपच्या पाट्यांवरून ठरत नाही. जीबोर्डचा माइक त्या क्षणी निवडलेल्या कीबोर्डची भाषा ऐकतो. म्हणून जीबोर्डमध्ये मराठीसोबत तेलुगू कीबोर्ड जोडला आणि बोलण्याआधी पृथ्वीगोलाची खूण दाबून तेलुगू निवडायचं, एवढंच त्यांना दाखवलं. दुसऱ्यांदा त्या बोलल्या तेव्हा नाव तेलुगू लिपीत नीट उमटलं आणि पहिलाच निकाल हवा तो. त्यांनी ते वाचलं नाही, चित्र बघून ओळखलं.

दाजींच्या खात्याचं काय? ते नव्याने सुरू करायला त्यांची तयारी नव्हती. वर्षानुवर्षांचे आवडते व्हिडिओ त्यात होते. मग निवडक सफाई. `myactivity.google.com` वर यूट्यूबचा इतिहास उघडून तिथल्या शोधपट्टीत `minecraft` टाकलं आणि समोर आलेल्या नोंदी पुसल्या. मग कन्नड मालिकेचं नाव, मग त्यांना नको असलेलं आणखी काही. संपूर्ण इतिहास एका झटक्यात पुसण्यापेक्षा हे बरं, कारण हवं ते राहतं. जे चॅनेल तरीही वर येत राहिलं, त्याच्या व्हिडिओशेजारचे तीन ठिपके दाबून ते चॅनेल सुचवू नका असं सांगता येतं. ‘नाही आवडलं’ म्हणून नुसता पुढचा व्हिडिओ लावणं पुरेसं नाही.

फरक पडला की नाही हे कशावरून ओळखायचं? पहिल्या व्हिडिओवरून नाही, तो योगायोग असू शकतो. पानाच्या वर आडवी सरकणारी विषयांची बटणं असतात, ती वाचावीत. खात्याबद्दल यंत्रणेचा काय ग्रह झाला आहे, तो तिथे उघडपणे लिहिलेला असतो. सासूबाईंच्या पानावर काही दिवसांनी तिथे देवांची आणि संगीताची नावं आली, तीही मराठी पाटीवर, आणि खालचे व्हिडिओ तेलुगू. दाजींकडे मात्र खेळांचं एक बटण बराच काळ चिकटून राहिलं. कारण सापडलं ते मुलाच्या अभ्यासाच्या टॅबमध्ये: तिथे अजून बाबांचंच खातं चालू होतं. खातं जिथे जिथे उघडं आहे तिथला प्रत्येक पडदा एकाच इतिहासात भर घालतो, म्हणून टीव्ही वेगळा करून टॅब विसरला तर अर्धंच काम होतं.

नेटफ्लिक्सवर हेच काम जास्त स्वच्छपणे होतं आणि इतर ॲपनीही त्याचं अनुकरण करावं असं मला मनापासून वाटतं. एका खात्यात पाच प्रोफाइल करता येतात आणि प्रत्येक प्रोफाइलच्या भाषेच्या पानावर दोन वेगळे प्रश्न विचारलेले असतात: पडद्यावरची भाषा कोणती, आणि सिनेमे-मालिका कोणत्या भाषांतल्या आवडतात. दुसऱ्या यादीत एकाहून अधिक खुणा करता येतात. वाचणं आणि ऐकणं वेगळं असतं हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. पडद्यावरच्या भाषेसाठी हिंदीचा पर्याय २०२० मध्ये आला. सासूबाईंच्या प्रोफाइलला आम्ही तोच दिला, कारण देवनागरी त्या सहज वाचतात, आणि आवडीच्या यादीत तेलुगू आणि मराठीवर खूण केली. या खुणा म्हणजे गाळणी नव्हे. बाकीच्या भाषांतलं काही लपत नाही, फक्त यांना झुकतं माप मिळतं. लेकराच्या किंवा जावेच्या हातून चुकून त्यांच्या प्रोफाइलवर काही बघितलं गेलं, तर बघितलेल्यांच्या यादीतून ते लपवता येतं.

एक मर्यादा कुठल्याच सेटिंगने ओलांडता येत नाही, ती हक्कांची. ‘आरआरआर’ हा मुळात तेलुगू सिनेमा; मे २०२२ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला तो हिंदी आवाजात, आणि तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम आवृत्त्या झी५ वर गेल्या. अशा वेळी आवाजाच्या यादीत तेलुगू दिसत नसेल, तर सेटिंग पुन्हापुन्हा तपासण्यात अर्थ नाही. सासऱ्यांना हे सांगितल्यावर त्यांनी सरळ विचारलं, “मग आपला कुठल्या ॲपवर आहे ते शोध ना.” तेच करायचं.