शब्दांची कुळकथा : लेखांक ९
रोजची भाकर की उद्याची?

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती माणूस ‘रोजची भाकर’ मागतो. तंजावरचा प्रॉटेस्टंट तमिळ बायबलातल्या शब्दांत ‘वेण्डिय’, म्हणजे लागेल तेवढे अन्न मागतो. त्याच गावातला कॅथलिक पुन्हा ‘अनुदिन’ अन्नाकडे वळतो. भांडण भाषांतरकारांचे नाही. मूळ ग्रीक विशेषणच, ‘एपिऊसिओस’, कोणाला नीट उलगडलेले नाही.

मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतली ही ओळ सोडली, तर त्याआधीच्या ग्रीक लेखनात तो शब्द सापडत नाही. तिसऱ्या शतकातला ओरिगेन स्वतः ग्रीकभाषक. त्यानेही लिहून ठेवले की विद्वान हा शब्द वापरत नाहीत, सामान्य लोकही नाही, तेव्हा तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा.

एकदा मात्र वाटले, सापडला! इजिप्तमधल्या हवारा इथे निघालेल्या एका पपायरसवर घरखर्चाची यादी होती. १८८९ मध्ये ती छापताना अभ्यासक सेस यांनी एका नोंदीत हाच शब्द वाचला. मग ‘एका दिवसाचा शिधा’ हा अर्थ शब्दकोशांपर्यंत पोचला. पुढे मूळ कागदच हरवला, त्यामुळे ताडून बघायची सोय उरली नाही. अखेर तो येल विद्यापीठाच्या संग्रहात मिळाला, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरवाचनात त्या जागी निघाले साधे ‘एलाइऊ’, तेल! शंभर वर्षांचा पुरावा वाण्याच्या यादीत विरघळला.

उरते व्युत्पत्ती. ‘ऊसिया’ म्हणजे अस्तित्व, द्रव्य. त्यातून ‘जगण्यापुरते’ हा अर्थ निघतो. सिरियाक भाषांतर आणि तंजावरचे ‘वेण्डिय’ याच बाजूचे. जेरोमने तर लॅटिन भाषांतरात मत्तयात ‘द्रव्यापलीकडची’ भाकर केली आणि लूकमध्ये तोच शब्द ‘रोजची’ म्हणून ठेवला! अडचण संधीची आहे: ‘एपि’ला ‘ऊसिया’ जोडताना ग्रीकच्या रीतीने ‘इ’ गळायला हवा होता. तो टिकला आहे. दुसरी वाट ‘एपिऊसा’, म्हणजे येणारा दिवस. हा शब्द प्रेषितांच्या कृत्यांमध्ये सरळ ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणून येतो, आणि इथे ‘इ’ शाबूत राहतो. जेरोमनेही एका हिब्रू शुभवर्तमानात या जागी ‘माहार’, म्हणजे उद्या, पाहिल्याचे नोंदवले आहे.

तंजावरात मात्र ‘लागेल तेवढे’ हा अर्थ एकदा अक्षरशः जगावा लागला. हैदरअलीच्या स्वारीत, १७८१ च्या सुमारास, तुळजाजी राजांच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. शेतकऱ्यांकडे धान्य होते, पण दरबार पैसे देईल असा भरवसा नव्हता. तेव्हा मराठी शिकलेला जर्मन मिशनरी श्वार्ट्झ स्वतः जामीन राहिला. त्याच्या शब्दावर बैल मिळाले आणि भात आत आले.

माझे मत विचाराल तर व्याकरणाचे पारडे ‘उद्याच्या भाकरी’कडे झुकते. ‘रोजची’ हे लॅटिन परंपरेतून रुळलेले, जिभेला सोपे उत्तर आहे. ग्रीक शब्दाचा तो सर्वांत कच्चा अर्थ.