हिशेबनिसाची ई-मेल : कागद कोणता, तारीख कोणती?

व्यापारी बंधूंना हिशेबनिसाकडून "राहिलेले कागद लवकर पाठवा" अशी मेल येते, ते "बघू" म्हणतात आणि मुदत टळते. दोष निम्मा मेलचाही असतो. कोणता कागद आणि कधीपर्यंत, हे तीत लिहिलेलेच नसते.

एक उदाहरण घेऊ. नांदेडच्या एका पाईपच्या दुकानदाराने फेब्रुवारी २०२५ मध्ये हैद्राबादहून १ लाखाचा माल घेतला. माल परराज्यातला, म्हणून बिलात १८ टक्क्यांप्रमाणे १८,००० रुपये आयजीएसटी लागला. हे पैसे पुरवठादाराला दिले होते, पण त्याची वजावट घ्यायची राहिली. २०२४-२५ च्या बिलांची वजावट घेण्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५ होती. वार्षिक विवरण त्याआधी भरले तर मुदतही त्याच दिवशी संपते. पण दुकानदाराच्या हाती खरे पाहता इतके दिवस नव्हतेच. पुरवठादाराने बिल आपल्या विवरणात दाखवले नाही, तर ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरत नाही आणि वजावट मिळत नाही. म्हणून लातूरच्या हिशेबनिसाने तारखा उलट्या मोजाव्यात आणि २८ ऑक्टोबरला अशी मेल लिहावी :

"सलाम अलैकुम भाई. फेब्रुवारीचे हैद्राबादचे एक बिल २बी मध्ये दिसत नाही. १८,००० रुपयांचा प्रश्न आहे. पुढील गोष्टी हव्यात :
३ नोव्हेंबर, सोमवार : मूळ बिल आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी, दोन्हींचा स्पष्ट फोटो.
४ नोव्हेंबर : बिलावर तुमचा जीएसटी नंबर बरोबर आहे का ते पाहून पुरवठादाराला फोन.
७ नोव्हेंबर : ऑक्टोबरची सर्व विक्रीबिले.
११ नोव्हेंबर : पुरवठादाराने राहिलेले बिल ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये भरल्याचा निरोप.
१४ तारखेला २बी तयार होईल, ती मी पाहीन. २० तारखेला ३बी भरू."

फोन ४ तारखेलाच का? ५ नोव्हेंबरला गुरू नानक जयंती होती. त्या दिवशी नांदेडात कोण कागद शोधणार!

बिल्टीवर पुष्कळ जण नाक मुरडतात. पण माल प्रत्यक्ष मिळाला असेल तरच वजावट मिळते आणि पुढे नोटीस आली तर तोच पुरावा. बिल सापडले पण बिल्टी नाही, असे असेल तर ट्रान्सपोर्टवाल्याकडून नक्कल मागावी; महिने उलटल्यावर तीही मिळणे कठीण होते.

१४ तारखेच्या २बी मध्ये बिल दिसले नाही, तर ते ३बी मध्ये तसेच दडपून भरू नये. बिल नसताना घेतलेली वजावट पुढे परत मागितली जाते, वर व्याजही लागते. ११ तारीख चुकवून पुरवठादाराने बिल उशिरा भरले, तर ते पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये जाते. ती १४ डिसेंबरची. तोवर ३० नोव्हेंबर उलटलेली असते आणि १८,००० रुपये दुकानदाराच्याच अंगावर पडतात.